नुसतं ‘फी’ पुरणार नाही

> मराठीतून इंग्रजी केलेल्या मेलमध्ये ‘फी भरायची शेवटची तारीख आणि लागणारी कागदपत्रे कळवा’ एवढं लिहिलंय. इंग्लंडच्या विद्यापीठाला चालेल?

मी ‘फी’ बदलेन. ऑफर आली असेल तर ‘ट्युशन फी डिपॉझिट’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर तिकडून वर्षभराच्या फीचं वेळापत्रक येईल. बरीच विद्यापीठं डिपॉझिट मिळाल्यावरच कॅस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याची विद्यापीठाची अधिकृत नोंद, देतात आणि त्याच्या क्रमांकाशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही. शेवटच्या तारखेला पैसे पाठवलेले चालतात की त्यांच्या खात्यात पोचलेले हवेत, हेही विचारा. बँकेतून पोचायला काही दिवस जातात. कागदपत्रांत सत्रवार मार्कशीट चालतील की सगळ्या सत्रांचे गुण एकत्र असलेली ट्रान्सक्रिप्टच हवी, ते विचारा. ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्या विद्यापीठात वेगळा अर्ज करावा लागतो. मेलच्या विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक टाकाच.