सल्ला हवा: सेल्स ऑफिसरच्या जागेसाठी मेल लिहितोय, आकडे कसे मांडू?

नंदगडकर
नमस्कार मंडळी. मी शहापुरात एका डिस्ट्रिब्युटरकडे पीव्हीसी पाईप, फिटिंग आणि पाण्याच्या टाक्यांची विक्री बघतो. चार वर्षं झाली. खानापूर, नंदगड, कित्तूर, बैलहोंगल हा माझा भाग. आता एका पाईप कंपनीत बेळगाव भागासाठी सेल्स ऑफिसरची जागा निघाली आहे. बायोडेटा तयार आहे, सोबतच्या मेलवर अडलोय. मेल इंग्रजीतच जाणार, पण मजकूर आधी मराठीत पक्का करतोय. आत्ता एवढं लिहिलंय:

"मी मेहनती असून मला विक्रीचा दांडगा अनुभव आहे. मागील वर्षी सरासरी 112% टार्गेट पूर्ण केले. 150 हून अधिक ग्राहक सांभाळतो. सर्वांशी माझे चांगले संबंध असून मी नियमित फॉलोअप घेतो."

काय ठेवू, काय काढू? स्पष्ट सांगा.

कॅम्पातला_सम्या
भावा, 112% केलंस तर आधी आहे त्या मालकाकडेच पगारवाढ माग की. मेल कशाला लिहालायस? समोर बसून बोल. मालक माणूस सोडत नसतो असा.

नंदगडकर
सम्या, पगारवाढीचा प्रश्न नाही रे. डिस्ट्रिब्युटरकडे माझ्या वरची जागाच नाही. कंपनीत जायचंय म्हणून मेल.

पांढरी_शाई
माझा अनुभव सांगतो. आकडे द्यायचेच, पण फक्त टक्क्यांत. लाखांत लिहिलंस तर आत्ताच्या मालकाची माहिती बाहेर दिल्यासारखं होतं आणि समोरचाही म्हणतो, हा उद्या आमचीही देईल. आणि 150 ग्राहक हा आकडा चांगला आहे, तो ठळक कर.

उद्यमबागवाला
नंदगडकर, मी बांधकाम साहित्याच्या लाईनीत बरीच वर्षं एरिया मॅनेजर होतो, असे मेल रोज वाचायचो. आधी दोन गोष्टी विचारतो. 112% कुठून आले? 12 महिन्यांचे आहेत की चांगल्या महिन्यांचे? आणि 150 ग्राहकांपैकी गेल्या तीन महिन्यांत ज्यांचं निदान एक बिल फाटलंय असे किती?

पांढरी_शाई यांचं अर्धं बरोबर आहे. दुकानाचं नाव, कुणाला काय रेट, कुणाला किती डिस्काउंट, हे मेलमध्ये कधीच नको. पण स्वतःच्या भागाचं एकूण बिलिंग सांगण्यात काही गैर नाही. नुसती टक्केवारी वाचणाऱ्याला काही सांगत नाही. दोन लाखांच्या टार्गेटवर 112% आणि वीस लाखांच्या टार्गेटवर 112% हे दोन वेगळे माणूस आहेत.

नंदगडकर
काका, खरं सांगतो. महिन्याचं टार्गेट 18 लाख, वर्षभर तेच. पावसाचे तीन महिने धरले नव्हते, कारण खानापूर भागात तेव्हा बांधकामच बंद असतं. रजिस्टरवरून सगळं काढलं: जून 13 लाख, जुलै 11, ऑगस्ट 14. बाकीच्या नऊ महिन्यांत प्रत्येक वेळी 18 च्या वर, मिळून 182 लाख. तीन महिने कमी दिसतील म्हणून सोडले होते.
150 म्हणजे फोनमध्ये सेव्ह असलेले नंबर. चालू खाती 64.

उद्यमबागवाला
आता बघा काय झालं. 182 आणि पावसाचे 38 मिळून 220 लाख. वर्षाचं टार्गेट 216. म्हणजे पूर्ण वर्षाचे 102% येतात, आणि तेही तीन महिने पाण्यात गेल्यावर. तुमच्या 112 पेक्षा हा आकडा मला जास्त आवडतो. 112 वाचलं की इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न येतो, "महिनावार सांगा". तिथे जून-जुलै निघाले की पुढचा एकही आकडा कुणी खरा मानत नाही. पाईपच्या लाईनीतल्या माणसाला कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस माहीत असतो, शेतीच्या पाईपची मागणी उन्हाळ्यात असते हेही माहीत असतं. त्याला तुमच्या वर्षाचा आकार ओळखीचा वाटला पाहिजे. जुलैला 18 लाख दाखवले असते तर मलाच शंका आली असती, डीलरच्या गोडाऊनमध्ये माल कोंबला की काय म्हणून.

64 खात्यांची फोड करा. दुकानं किती, कंत्राटदार किती, आणि कुणाकडून किती धंदा? कंपनीला हेच बघायचं असतं. दुकानदाराला माल देणारा आणि साइटवर जाऊन कोटेशन देऊन ऑर्डर आणणारा, ही दोन कामं वेगळी. तुम्ही दोन्ही करत असाल तर ते दिसू दे.

आणि वसुली? तुमच्या मेलमध्ये वसुलीचा शब्द नाही. बिल फाडणं म्हणजे अर्धी विक्री.

निपाणीकर_ताई
मी घरोघरी वॉटर प्युरिफायर विकायचे तेव्हा मेलमध्ये लिहिलं होतं, रोज 25 घरं, त्यातले 6 डेमो, त्यातली 1 विक्री. त्यावरच मला बोलावलं. तुम्हीही रोजच्या भेटी लिहा, फार उपयोग होतो.

उद्यमबागवाला
ताई, तुमच्या कामाला तो आकडा नेमका होता, कारण दार नवं आणि गिऱ्हाईक एकदाच घेणार. यांची दुकानं तीच असतात, महिन्यातून दोन-तीनदा जायचंच असतं. इथे रोजच्या भेटींपेक्षा त्याच खात्यातून परत बिल येतं का, हे महत्त्वाचं. पण तुमच्या आकड्यांतली साखळी, किती ठिकाणी विचारलं आणि त्यातून किती झालं, ती यांच्या कोटेशनना लावता येईल.

नंदगडकर
काढलं सगळं. 46 हार्डवेअर दुकानं, वर्षाचं 150 लाख. 11 कंत्राटदार आणि छोटे बिल्डर, 52 लाख. 7 बोअरवेल आणि शेती पाईपवाले, 18 लाख. प्लंबर 38 आहेत, पण त्यांच्या नावाने बिल होत नाही, ते दुकानातून उचलतात.
उधारी 45 दिवसांची. 31 मार्चला एकूण येणं 31 लाख, त्यातलं 60 दिवसांवरचं 2.4 लाख.
फॉलोअपची वही ऑक्टोबरपासून नीट आहे, त्याआधीची नाही. ऑक्टोबर ते मार्च 48 कोटेशन दिली, 17 ऑर्डर झाल्या. त्यातल्या 11 दुसऱ्या किंवा नंतरच्या भेटीनंतर. दुसऱ्या दिवशी फोन करतो, आठवड्याने साइटवर जातो, पंधराव्या दिवशी शेवटचं विचारतो आणि नाही म्हटलं तर कारण लिहून ठेवतो.

उद्यमबागवाला
शेवटचं वाक्य तुमच्याकडची सगळ्यात किमती गोष्ट आहे आणि तीच मेलमध्ये नव्हती. "नियमित फॉलोअप" प्रत्येक जण लिहितो. दुसरा दिवस, सातवा, पंधरावा आणि न झालेल्या ऑर्डरचं कारण, हे फक्त करणाराच लिहू शकतो. वही सहा महिन्यांचीच आहे तर सहा महिनेच लिहा, पूर्ण वर्षाला ओढू नका. प्लंबर 64 मध्ये मिसळू नका. मी असं लिहीन:

विषय: सेल्स ऑफिसर, बेळगाव. पाईप-फिटिंग विक्री 4 वर्षे, मागील वर्षी टार्गेटच्या 102%

"नमस्कार. बेळगाव भागातील सेल्स ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. चार वर्षे शहापूर येथील डिस्ट्रिब्युटरकडे पीव्हीसी पाईप, फिटिंग आणि टाक्या विकतो. भाग: खानापूर, नंदगड, कित्तूर, बैलहोंगल.

मागील एप्रिल ते मार्च टार्गेट 216 लाख, बिलिंग 220 लाख. 12 पैकी 9 महिने टार्गेट पूर्ण. जून ते ऑगस्ट 54 लाखांच्या टार्गेटवर 38 लाख झाले, ती तूट पुढील महिन्यांत भरून निघाली.

चालू खाती 64: हार्डवेअर दुकाने 46 (150 लाख), कंत्राटदार आणि बिल्डर 11 (52 लाख), बोअरवेल आणि शेती पाईप 7 (18 लाख). शिवाय 38 प्लंबरांशी संपर्क, त्यांची खरेदी दुकानांतून होते. उधारी 45 दिवसांची. 31 मार्चला येणे 31 लाख, पैकी 60 दिवसांवरील 2.4 लाख.

कोटेशननंतर दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने भेट, पंधराव्या दिवशी शेवटची विचारणा. ऑर्डर न मिळाल्यास कारणाची नोंद. ऑक्टोबर ते मार्च 48 कोटेशनमधून 17 ऑर्डर, त्यातील 11 दुसऱ्या किंवा नंतरच्या संपर्कानंतर.

मराठी आणि कन्नड दोन्हींत व्यवहार करतो. बायोडेटा सोबत जोडला आहे."

कन्नडचं मी गृहीत धरलंय, नसेल येत तर काढा.

नंदगडकर
येतं काका. बैलहोंगल, कित्तूरची दुकानं कन्नडमध्येच चालतात.
एक अडचण आहे. "तूट भरून निघाली" हे पूर्ण खरं नाही. एप्रिल-मेमध्येच 43.5 लाख झाले होते, टार्गेट 36. म्हणजे साडेसात लाख तर पावसाच्या आधीच वर होते.

उद्यमबागवाला
बरोबर पकडलंत. तिथे "इतर 9 महिन्यांत 162 लाखांच्या टार्गेटवर 182 लाख" एवढंच ठेवा. कुणी आधी-नंतर विचारलं तर महिनावार कागद जवळ असू दे.

पांढरी_शाई
लाखांचं पटलं. पण उधारी लिहू नये असं मला अजून वाटतं. 60 दिवसांवर 2.4 लाख थकले हे स्वतःहून का सांगायचं?

उद्यमबागवाला
31 मधले 2.4 म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. माझ्या नजरेला ते स्वच्छ खातं आहे. पण हे मेलमध्ये की इंटरव्ह्यूत, यावर दोन मतं असू शकतात. मी मेलमध्ये ठेवीन.

एक मात्र राहिलंय. पाईपचा भाव रेझिनबरोबर वर-खाली होतो. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की डीलर आधीच माल भरतात, आणि उतरणार असला की हात आखडतात. त्यामुळे लाखांत वाढ दिसते आणि माल तेवढाच गेलेला असतो. कंपनीवाला हमखास विचारेल, "टनात किती?" तुमचा मार्च 22.5 लाखांचा असेल तर त्यात भाववाढीचा साठा किती?

नंदगडकर
मार्च 22.5 च आहे. टनेज माझ्या रजिस्टरला नाही, बिलिंगवाल्याकडून टॅलीतून काढावं लागेल. फिटिंग तर नगावर जातात, त्यांचं वजन कसं धरायचं?

उद्यमबागवाला
फिटिंग आणि टाक्या बाजूला ठेवा, फक्त पाईपचे टन काढा. मागच्या दोन वर्षांचे मिळाले तर उत्तम.

निपाणीकर_ताई
बिलिंगवाल्याला कशासाठी हवंय ते सांगणार का? मालकाला कळलं तर?

नंदगडकर
तोच विचार चाललाय ताई. वार्षिक टार्गेटची बैठक जवळ आली आहे, तेव्हा सगळेच आपापल्या भागाचे आकडे मागतात. तोपर्यंत थांबावं की टनेजशिवाय मेल पाठवावा, कुणी असं केलंय का?