मदत हवी आहे: संस्थापकांचं १४ मिनिटांचं भाषण ७ मिनिटांत बसवायचंय

मसुदेकरीण

आमची कंपनी औषधांच्या फ्रिजमध्ये बसवायचं तापमान-यंत्र बाजारात आणते आहे. फ्रिज २ ते ८ अंशांच्या बाहेर गेला की ते फोनवर अलार्म देतं आणि रात्रभराची नोंद ठेवतं. कार्यक्रमाला औषध दुकानदार, रुग्णालयांच्या औषध-स्टोअरचे प्रमुख आणि काही वितरक येणार आहेत. संस्थापकांना बोलायला ७ मिनिटं आहेत. प्रात्यक्षिक त्यानंतर दुसरं कुणी करणार. त्यांनी स्वतः लिहिलेला मसुदा १६५० शब्दांचा आहे. सुरुवात अशी:

"२०१४ साली एका छोट्याशा खोलीत, दोन टेबलं आणि एक स्वप्न घेऊन आम्ही हा प्रवास सुरू केला. तेव्हा आमच्यावर कुणाचाही विश्वास नव्हता..."

मग पहिलं ऑफिस, पहिला गुंतवणूकदार, तीन पुरस्कार, फसलेली पहिली आवृत्ती, सहकाऱ्यांचे आभार. यंत्र काय करतं हे नवव्या मिनिटाला कळतं. प्रत्येक परिच्छेद थोडा थोडा छाटून मी ११०० शब्दांवर आणलंय, पण भाषण तेच राहिलं, फक्त घाईत उरकल्यासारखं वाटतं. सरांना तो इतिहास जिवापाड प्रिय आहे आणि मला तिथेच नोकरी करायची आहे. कुठून सुरुवात करू?

उंटावरचा शहाणा

इतिहास सरसकट उडवा, कुणाला पडलंय? उरलेल्यात "आम्ही"च्या जागी "तुम्ही" घाला. झालं काम.

काटछाट

अर्धं बरोबर. पण "तुम्हाला सांगायला आनंद होतो की आम्हाला तीन पुरस्कार मिळाले" यातही "तुम्ही" आहेच की. आणि मराठीत "उभारलं, घडवलं, जिंकलं" असं म्हणताना "आम्ही" बोलावंच लागत नाही, त्यामुळे नुसतं सर्वनाम शोधून काही हाती लागत नाही. मी मसुदा छापून घेतो आणि प्रत्येक वाक्यापाशी समासात लिहितो, हे काम कोणाचं चाललंय? कंपनीचं की समोर बसलेल्याचं? तुमच्या मसुद्यात पहिल्या दोन पानांच्या समासात सगळीकडे "कंपनीचं" येईल. सरांनाही तीच दाखवा, वाद कमी होतो.

आधी वेळेचं बघू. व्यासपीठावरून सावकाश मराठी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतो, म्हणजे १६५० शब्दांना १४ मिनिटं. ७ मिनिटांत ८०० बसतील, पण टाळ्या आणि थांबे धरून ७०० च लिहा. इतकं कमी करायचं असेल तर सगळीकडून थोडं थोडं छाटून भागत नाही, अख्खे भाग जावे लागतात. तुमचे ११०० शब्द घाईचे वाटतात ते त्यामुळेच: मुद्दे तेवढेच राहिले आणि प्रत्येकाचा श्वास गेला.

आता कुठला भाग ठेवायचा? ऐकणाऱ्याच्या मनात खरेदीआधी ज्या शंका येतात त्या लिहून काढा. इतिहासातला जो तुकडा एखाद्या शंकेचं उत्तर देतो तो राहील, बाकीचा पत्रकात छापा. फसलेली पहिली आवृत्ती नेमकी कशामुळे फसली?

गल्ल्यावरून

मी औषध दुकानदार आहे, म्हणजे तुमचा श्रोताच. माझी शंका एकच, दार उघडलं की अलार्म बोंबलणार का? दिवसभरात फ्रिज सतत उघडावा लागतो. आणि खरी भीती सुट्टीनंतरच्या सकाळची असते. फ्रिज ५ अंश दाखवतो, पण रात्री वीज गेली होती का, इन्सुलिन गोठून परत वितळलं का, कसं कळणार? एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं आणि बाटलीकडे बघून ते ओळखता येईलच असं नाही. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आहे माझ्याकडे. पारा १ अंशावर गेला होता एवढं तो सांगतो, पण पाच मिनिटं की पाच तास, ते नाही.

मसुदेकरीण

अहो, पहिली आवृत्ती याचमुळे फसली होती! संवेदक उघड्या हवेत होता, दार उघडलं की अलार्म. नंतर तो ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवला. आता हवेचं नाही, बाटलीतल्या औषधाच्या जवळपासचं तापमान कळतं.

काटछाट

मग तुमचा इतिहास मिळाला. सुरुवात गल्ल्यावरून यांनी सांगितलेल्या त्या सकाळपासून करा. कच्चं लिहितोय:

"सुट्टीनंतर तुम्ही दुकान उघडता. फ्रिजवर ५ अंश. सगळं ठीक दिसतंय. पण रात्री तीन वाजता तिथे किती होतं? हे तुम्हाला आज कोण सांगतं?"

मग यंत्र काय करतं. ते दुसऱ्या मिनिटाच्या आत यायला हवं. त्यानंतर: "दार उघडलं की वाजेल का? आमचं पहिलं यंत्र वाजायचं. दुकानदारांनी ते बंद करून ठेवलं. म्हणून आता संवेदक द्रवाच्या बाटलीत आहे." अपयशाची सगळी गोष्ट एवढ्यात येते आणि ती दुकानदाराच्या कामाची ठरते. २०१४ सुद्धा राहू द्या, पण शेवटाकडे, दुरुस्तीच्या मुद्द्यात: "२०१४ पासून आम्ही हेच काम करतो आहोत, पाच वर्षांनी यंत्र बिघडलं तर फोन उचलायला आम्ही असू." पुरस्कार, गुंतवणूकदार, खोली, टेबलं गेली.

निवांत

छान धागा. सासऱ्यांच्या निवृत्ती समारंभात मला बोलायचंय, माझंही फार लांबलंय. त्यांच्या पहिल्या नोकरीपासूनची सगळी हकीकत काढून टाकू का?

काटछाट

नका हो! तिथे लोक त्या हकिकतीसाठीच येणार आहेत.

उंटावरचा शहाणा

पण स्टीव्ह जॉब्सनी २००७ मध्ये आयफोन दाखवताना सुरुवात इतिहासानेच केली होती. १९८४ चा मॅकिंटॉश, २००१ चा आयपॉड. मग?

काटछाट

मुद्दा चांगला आहे. (काल तर सगळा इतिहास उडवायला निघाला होतात!) पण त्याने दोन्ही वस्तू थोडक्यात उरकल्या आणि सांगितलं काय, तर त्यांच्यामुळे संगणकाचा धंदा आणि गाणी ऐकण्याची पद्धत कशी बदलली. कंपनीचं पहिलं ऑफिस त्यात नव्हतं. थोड्याच वेळात तो त्या काळच्या फोनच्या बटणांवर घसरला, गरज असो नसो, ती तिथेच चिकटलेली असतात म्हणून. शिवाय तिथलं सभागृह त्याला आधीपासून ओळखत होतं. तुमच्या सरांना ती सवलत नाही.

मसुदेकरीण

नवा मसुदा ७१० शब्दांचा झाला. सरांनी घड्याळ लावून मोठ्याने वाचला, ६ मिनिटं ४० सेकंद. खोली आणि टेबलं त्यांनी स्वतःच सोडली. आभार शेवटच्या पडद्यावर नावांनिशी दिसतील, बोलायचे नाहीत. एका गोष्टीवर मात्र अडलंय. त्यांच्या आईला एकदा दुकानातून खराब झालेलं इन्सुलिन मिळालं होतं, साखर उतरेचना, कारण बरंच उशिरा समजलं. कंपनी त्यातूनच सुरू झाली. "हे नसेल तर मी बोलतच नाही" म्हणतात. ठेवू?

गल्ल्यावरून

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आम्ही शे-दोनशे दुकानदार बसलेलो असताना हे ऐकलं तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटेल. रुग्णांपुढे ही गोष्ट चालेल, आमच्यापुढे नाही.

काटछाट

मी ठेवली असती, पण दुकानदाराच्या बाजूने. त्या दुकानदारालाही रात्री फ्रिज बंद पडल्याचं कळायचा मार्ग नव्हता, हे सरांच्या तोंडून आधी यायला हवं, आईचं नंतर. तीन-चार वाक्यांत, दार आणि अलार्मच्या उत्तरानंतर. सुरुवातीला अजिबात नको.

गल्ल्यावरून

तशी सांगितली तर मी ऐकेन कदाचित. शेजारच्या खुर्चीतल्याचं सांगता येत नाही.

मसुदेकरीण

दोन्ही रूपं तयार करतेय, एक आईच्या गोष्टीसह, एक तिच्याशिवाय. तालमीला ओळखीच्या दोन दुकानदारांना बोलावलंय. फक्त त्यांची प्रतिक्रिया सरांसमोर विचारू की ते बाहेर गेल्यावर, हे ठरत नाहीये. कुणी केलंय का असं?