मदत हवी आहे: औषधाच्या दुष्परिणामाच्या एडीआर फॉर्ममध्ये त्रास सुरू झाल्याची तारीख आणि संशयित औषध कोणतं लिहू?

नमस्कार. मी सोलापुरात एका खाजगी रुग्णालयात आरएमओ आहे. एडीआर फॉर्म पहिल्यांदाच भरतेय आणि केसपेपर बघून गोंधळले आहे.

४६ वर्षांच्या बाई, विडी कामगार. चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी ३ जूनला कार्बामाझेपिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू. १८ जूनला ताप, घसादुखी. १९ला गल्लीतल्या डॉक्टरांनी सेफिक्झिम आणि पॅरासिटामॉल दिलं. २१ला अंगावर लाल चट्टे, तोंडात फोड. २२ला आमच्याकडे भरती, सगळी औषधं त्याच दिवशी बंद. निदान स्टीव्हन्स-जॉन्सन. २ जुलैला घरी सोडलं, कातडी भरत आलीय, ओठांच्या जखमा अजून आहेत.

नोट्समध्ये 'अँटिबायोटिकनंतर रॅश' एवढंच आहे. मग संशयित सेफिक्झिमच ना?

विनायक_पी: भरतीची तारीख टाका मॅडम, तीच कागदावर पक्की असते. औषध बंद केल्यावर बरं वाटलं, म्हणजे औषधामुळेच झालं हेही सिद्ध झालं.

माधुरी_फार्माको: विनायक, औषधाचा संशय ठीक, पण नुसतं बरं वाटल्यानं तो सिद्ध होत नाही. शिवाय तिन्ही औषधं एकाच दिवशी बंद झाली. त्यावरून दोषी कोणतं ते कळत नाही.

ताई, आधी ताप बघा. तो सेफिक्झिमच्या एक दिवस आधी आलाय. या आजारात चट्ट्यांच्या आधी एक-तीन दिवस ताप, घसादुखी येते. म्हणजे गोळी बहुधा सुरू झालेल्या आजारावरच दिली गेली. कार्बामाझेपिन सुरू होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते आणि अशी प्रतिक्रिया साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत येते, त्यामुळे मुख्य संशय त्याच्यावर. सेफिक्झिम मात्र गाळू नका, सुरू-बंद तारखांसह लिहा.

भरतीची तारीख नको. मी १८ लिहीन आणि वर्णनात '२१ला चट्टे' असं सलग मांडेन. काहीजण चट्ट्यांचा दिवस धरतात. तारखा वर्णनात स्पष्ट असल्या की वाचणाऱ्याला दोन्ही कळतं.

परिणाम 'बरा झाला' नाही, 'बरा होत आहे'. गंभीर का, तर रुग्णालयात भरती. औषध पुन्हा देऊन पाहिलं का, तिथे 'नाही'. या आजारात ते मुद्दाम करायचंच नसतं.

रमेश_अक्कलकोट: आमच्या बाबांना बीपीच्या गोळीनं कोरडा खोकला लागला. आम्हीपण हाच फॉर्म भरायचा का?

माधुरी_फार्माको: रमेशदादा, रुग्णांसाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे. नाहीतर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर विचारा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मूळ धागाकर्ती: खूप आभार मॅडम. बाईंनी कार्बामाझेपिनची पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती, पण बॅच नंबरची कडा गोळ्या काढताना फाटून गेलीय. काय लिहू?

माधुरी_फार्माको: दुकानदाराकडे बिल मिळालं तर त्यावर बॅच असतो. नाहीतर 'माहीत नाही', अंदाजानं काही नको. अहवाल आजच पाठवा, बॅच आणि ओठांचं काय झालं ते नंतर फॉलो-अपमध्ये कळवता येतं.

मूळ धागाकर्ती: दुकानदार उद्या बिलबुक बघतो म्हणालेत. १९ तारखेआधी बाईंनी घरातलं तापाचं काही घेतलं होतं का, तेही त्यांना फोन करून विचारते.