लास्ट क्लिक, फर्स्ट टच की डेटा-ड्रिव्हन: हंगामाचं बजेट कुणाच्या आकड्यावर ठरवायचं?

हापूसघर_रत्नागिरी
आमची स्वतःची बाग आहे. मार्च ते मे थेट गिऱ्हाइकांना पेट्या पाठवतो. गेल्या हंगामात एकूण १,००० ऑर्डरी झाल्या, त्यातल्या ६०० जाहिरातींच्या खात्यावर दिसतात. खर्च तीन लाख: इन्स्टाग्राम रील १,४०,०००, 'हापूस आंबा ऑनलाइन' वगैरे साधा सर्च १,२०,०००, आमच्या नावाचा सर्च ४०,०००. लास्ट क्लिकने, म्हणजे ऑर्डरीआधीच्या शेवटच्या जाहिरातीला श्रेय देऊन बघितलं तर नावाचा सर्च ३३०, साधा सर्च १८०, रील ९०. फर्स्ट टचने, म्हणजे पहिल्या जाहिरातीला श्रेय देऊन, अनुक्रमे ९०, २१०, ३००. डेटा-ड्रिव्हनने, म्हणजे गूगल स्वतः श्रेय वाटतं त्या हिशेबाने, २२०, २०५, १७५. दीर म्हणतात रील बंद करा आणि पैसे नावाच्या सर्चला लावा. मला पटत नाही, पण समजावून सांगता येत नाही. कोणता आकडा धरू?

हिशेबनीस
दिरांचं बरोबर आहे. नावाच्या सर्चवर ऑर्डरमागे १२१ रुपये पडले, रीलवर १,५५६. एका पेटीवर तुम्हाला सुटतात किती? पाचशे-सहाशे धरले तरी रीलच्या प्रत्येक ऑर्डरमागे हजार रुपये खिशातून जातायत. लास्ट क्लिक मला आवडतं ते यासाठी की त्यात तर्क नाही. माणूस या जाहिरातीवरून आला आणि पैसे भरून गेला, इतकी ती साधी नोंद आहे. बाकीच्या दोन पद्धतींत कुणीतरी बसून श्रेय वाटलेलं असतं.

पैठणी_येवला
हिशेबनीस, नाव सर्च करणाऱ्याला ते नाव कळलं कुठून?

मी हे करून बसलेय. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रील बंद केल्या आणि सगळं सर्चवर टाकलं. पहिले दोन महिने खर्च निम्मा आणि विक्री तेवढीच, त्यामुळे घरात सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात आमच्या नावाचे सर्चच आटायला लागले. जाहिरात चालू होती, पण नाव टाइप करणारी माणसंच कमी झाली. लग्नसराई तोंडावर असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

ताई, फर्स्ट टच धरा. त्यात रीलची ऑर्डर ४६७ रुपयांना पडते आणि साध्या सर्चची ५७१ ला. ओळख करून देणाऱ्याला श्रेय मिळालंच पाहिजे.

मोजणीदार
पैठणीताईंचा अनुभव खरा आहे, पण फर्स्ट टचचा आकडा आला कुठून ते आधी बघू. गूगलने २०२३ मध्ये फर्स्ट क्लिक मॉडेल ॲनालिटिक्समधून आणि जाहिरातींच्या खात्यातून काढून टाकलं. म्हणजे ताईंनी तो बहुतेक `First user campaign` वरून घेतला असणार. तो 'या ऑर्डरच्या प्रवासातला पहिला स्पर्श' नसतो. तो त्या ब्राउझरमधून साइटवर झालेली पहिलीवहिली भेट दाखवतो. आंब्याच्या धंद्यात त्याने मोठा घोळ होतो. मागच्या वर्षी रील बघून आलेलं गिऱ्हाईक यंदा आपणहून परत आलं, तरी श्रेय मागच्या वर्षीच्या रीलला जातं. यंदाच्या १,४०,००० रुपयांशी त्या ऑर्डरीचा काही संबंध नाही.

उलट्या बाजूनेही चूक होते. आयफोनच्या सफारीत ॲनालिटिक्सची कुकी साधारण सात दिवसांत मरते. एखादीने फेब्रुवारीअखेर रील बघून साइट उघडली, भाव उतरायची वाट बघितली आणि एप्रिलमध्ये नाव सर्च करून पेटी मागवली, तर ती नवीन माणूस ठरते. तिचा 'पहिला' स्पर्श मग नावाचा सर्च. फर्स्ट टचमध्ये नावाच्या सर्चला दिलेल्या त्या ९० ऑर्डरी ब्राउझरनुसार वेगळ्या काढून बघा. सफारीचा वाटा तुमच्या एकूण ऑर्डरींतल्या सफारीच्या वाट्याहून बराच जास्त निघाला, तर हेच झालंय.

घरपोच_सोलापूर
ताई, जाहिरात कुठे करायची असं विचारताय ना? माझं ऐका, व्हॉट्सॲप. मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकतो. दर शनिवारी जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीवर फोटो आणि लिंक टाकतो. खर्च जवळजवळ शून्य, आणि सोमवारपर्यंत पार्सलं बांधून हात दुखतात.

हापूसघर_रत्नागिरी
दादा, प्रश्न तो नव्हता. यादीवर आम्हीही पाठवतो, दर शुक्रवारी संध्याकाळी, नुसती साइटची लिंक.

मोजणीदार
सोलापूरकरांनी नकळत नेमकी जागा दाखवली. नुसती लिंक असेल तर व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस 'डायरेक्ट' म्हणून नोंदवला जातो. आणि ॲनालिटिक्सचं लास्ट क्लिक डायरेक्ट भेटीला श्रेय देत नाही. ते मागे जाऊन शेवटची ओळखू येणारी भेट शोधतं, नेहमीच्या सेटिंगमध्ये ९० दिवसांपर्यंत. समजा काकूंनी १० मार्चला तुमचं नाव सर्च करून जाहिरातीवर दाबलं, भाव बघितले आणि निघून गेल्या. ४ एप्रिलला तुमचा मेसेज आला, त्यावरून त्यांनी दोन पेट्या मागवल्या. ही ऑर्डर नावाच्या सर्चच्या ३३० मध्ये मोजली जाते.

हिशेबनीस, म्हणून म्हणतो की लास्ट क्लिकही साधी नोंद नाही. तिथेही श्रेय वाटलंच जातं, फक्त नियम आपल्या डोळ्यांना दिसत नाही. ताई, यंदा लिंकच्या शेवटी एवढं जोडा:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=message&utm_campaign=juni_yadi
```

मग शुक्रवार-शनिवारच्या ऑर्डरी कुणाच्या खात्यातून निघून इकडे येतात ते बघा. माझा अंदाज, नावाच्या सर्चचा आकडा बऱ्यापैकी खाली येईल.

हिशेबनीस
हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग भांडण मिटलंच की. डेटा-ड्रिव्हन धरा. गूगलच्या जाहिरातींत २०२१ पासून तेच आपोआप निवडलेलं असतं. विकत घेणाऱ्यांचे आणि न घेणाऱ्यांचे दोघांचेही प्रवास बघून ते हिशेब करतं. नावाचा सर्च १८२ रुपये, साधा ५८५, रील ८००. सगळं मधोमध येतं. रील निम्मी करायची, बाकी तसंच ठेवायचं.

मोजणीदार
मधोमध आलं म्हणून ते खरं ठरत नाही. ते मॉडेल काय बघू शकतं? इन्स्टाग्रामच्या बाबतीत फक्त क्लिक. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कुणी तुमची रील पूर्ण बघते, पेटीत पेंढ्यावर रचलेले आंबे बघते, पण दाबत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या संगणकावर तुमचं नाव टाइप करते. ॲनालिटिक्सच्या लेखी या बाईच्या आयुष्यात रील आलीच नाही. लास्ट क्लिक, फर्स्ट टच, डेटा-ड्रिव्हन, तिन्ही ठिकाणी ऑर्डर नावाच्या सर्चचीच. मॉडेल बदलून ती चूक सुटत नाही.

दुसरं असं की नाव टाइप करणारा माणूस बहुतेक वेळा घ्यायचं ठरवूनच आलेला असतो. वाटेत जाहिरात दिसली म्हणून त्याने तिच्यावर दाबलं, खालच्या फुकटच्या निकालावरही दाबलं असतं. मॉडेलला दिसतं ते एवढंच, की या जाहिरातीवर दाबणारे जास्त प्रमाणात घेतात. जाहिरातीमुळे घेतात की घेणारेच तिच्यावर दाबतात, हे त्याला नीट सांगता येत नाही. ईबेने २०१२ मध्ये याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाची जाहिरात बंद करून पाहिली होती. गेलेले जवळजवळ सगळे क्लिक फुकटच्या निकालांतून परत आले.

पैठणी_येवला
ईबे म्हणजे ईबे. ताईंच्या बागेच्या नावात 'हापूस' आणि 'रत्नागिरी' दोन्ही असणार. ते नाव टाकलं की वर चार दुसऱ्यांच्या जाहिराती येतात. आमच्या नावावर एक मोठा दुकानदार बोली लावतो. मी आठ दिवस जाहिरात बंद ठेवली तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "तुमची साडी वेगळीच निघाली." त्यांनी त्याच्याकडून घेतली होती.

मोजणीदार
हा मुद्दा खरा आहे आणि ईबेचा निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही. गूगलच्या खात्यात नावाच्या कँपेनवर `Auction insights` उघडा. तिथे दुसरं कुणी नियमित दिसत नसेल तर ४०,००० बहुतेक वाया जातायत. दिसत असेल तर पारख करूनच कळेल.

पारख अशी: पुणे, नाशिक, नागपूर इथे महिनाभर नावाचा सर्च बंद, मुंबई-ठाण्यात चालू. बघायची ती फक्त एकूण ऑर्डरींची संख्या, ॲनालिटिक्समधलं श्रेय नाही. समजा त्या तीन शहरांत महिन्याला सगळ्या मिळून १५० ऑर्डरी येतात. लास्ट क्लिक खरं असेल तर १,००० पैकी ३३० जाव्यात, म्हणजे १५० च्या १०० व्हाव्यात. डेटा-ड्रिव्हनच्या हिशेबाने ११७ उरतील, फर्स्ट टचच्या हिशेबाने १३६. १५० ऑर्डरींमध्ये काही कारण नसताना पंचवीसभर चढउतार होतोच. म्हणजे लास्ट क्लिक फारच फसवत असेल, तर तेवढं या पारखेतून कळेल. डेटा-ड्रिव्हन आणि फर्स्ट टच यांतलं कोण जवळ आहे, हे तुमच्या आकारमानाला कळणार नाही. कुणी कळेल म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि हंगामाच्या मध्यात गूगलच्या खात्यातलं मॉडेल बदलू नका. बोली आपोआप लागत असेल तर ती याच आकड्यांवरून शिकते. आंब्याला तिला पुन्हा शिकवायला वेळ नसतो.

हिशेबनीस
आणि त्या महिन्यात खरंच पन्नास ऑर्डरी गेल्या तर? पेटीमागे सहाशे धरले तरी तीस हजार. आंबा थांबत नाही. फ्रीजमध्ये ठेवून मेमध्ये विकता येत नाही.

मोजणीदार
म्हणून दर सोमवारी बघायचं. दोन आठवड्यांत ७५ च्या जागी पन्नासपेक्षा कमी आल्या आणि मुंबई तशीच राहिली तर लगेच चालू करायचं. मुंबईत ऑर्डरी वाढल्या तर ७५ चा अंदाजही त्याच प्रमाणात वाढवून धरायचा.

हापूसघर_रत्नागिरी
ब्राउझरचं बघितलं. नावाच्या सर्चच्या ९० पैकी ५८ सफारीच्या आहेत आणि एकूण ऑर्डरींत सफारी तिसरा हिस्सासुद्धा नाही. `Auction insights` मध्ये दोघे दिसतात, एक रोज, एक फक्त अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात.

व्हॉट्सॲपची लिंक या शुक्रवारपासून बदलतेय. दीर पुण्यात जाहिरात बंद करायला तयार नाहीत, आमची निम्मी जुनी गिऱ्हाइकं तिथलीच. नाशिक-नागपूर चालेल म्हणतात. त्या दोन्हीकडे मिळून महिन्याला ७० ऑर्डरी होतात.

मोजणीदार
७० मध्ये सोळा-सतराचा चढउतार धरा. लास्ट क्लिक खरं असेल तर २३ जायला हव्यात. काठावर आहे, पण करा. रीलसाठी वेगळी पारख लागेल आणि ती फेब्रुवारीतच सुरू करावी लागते, त्याचा परिणाम उशिरा दिसतो.

पैठणी_येवला
तोवर रील बंद करू नका, ताई. कमी करायची असेल तर एकाच शहरात करा.

हिशेबनीस
मी अजूनही १,४०,००० देणार नाही. ७०,००० देईन, तेही नाशिक-नागपूरचा निकाल बघून.