'दुकान वाढवत आहोत' : बॅनरवर चालेल का?

बर्डीची लेक
सीताबर्डीवर बाबांचं चपला-बुटांचं दुकान आहे. जागेचा करार दिवाळीआधी संपतोय, बाबांचे गुडघेही आता ऐकत नाहीत, म्हणून बंद करायचं ठरलं. साधारण नऊशे जोड शिल्लक आहेत. बॅनरवरची ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. पण बाबा 'बंद' हा शब्द दुकानावर लावू देत नाहीत. रात्री शटर ओढतानाही ते 'दुकान वाढवा रे' असंच म्हणतात. म्हणून मी लिहिलं, 'दुकान वाढवत आहोत, उरलेला माल सवलतीत'. बॅनर छापणाऱ्या मुलानं ते वाचून विचारलं, "ताई, नवी शाखा कुठे?"
घाई खरी आहे हे लोकांना कळायला हवं, पण हात पसरल्यासारखं वाटायला नको. काय लिहावं?

जुनी पाटी
बाबा बरोबर आहेत. नारळ वाढवतात, दिवा वाढवतात, बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून उलटा शब्द वापरायचा, ही जुनी रीत. बोलताना ते चालून जातं, कारण नारळ किंवा शटर समोर असतं. रस्त्यावरून स्कूटरनं जाणाऱ्याला समोर फक्त अक्षरं दिसतात. त्याला विस्तारच वाटणार.

धातुपाठ
उलटा शब्द कसला? संस्कृतात 'वर्ध्' म्हणजे कापणे असा धातू आहेच. मनुस्मृतीत नाळ कापण्याला 'नाभिवर्धन' म्हटलंय. आपल्या विदर्भात सुताराला वाढई म्हणतात ना? तो लाकूड वाढवत नाही, कापतो. तेव्हा बांगडी, नारळ, दुकान हे सगळं 'तोडणे' याच अर्थाचं. शुभ-अशुभाचा संबंध नाही.

जुनी पाटी
वाढईपर्यंत मान्य. पण दिवा कुठे कापतात? हिंदीतही 'दुकान बढ़ाना' आणि 'दिया बढ़ाना' आहेच, तिथेही भावना अशुभ टाळण्याचीच. एका धातूनं सगळं उलगडलं असं मानायची घाई नको.

मायमराठी४४०
मुळात 'सेल' हा शब्द यायला नको. 'समापन विक्री' लिहा. शिवाय महाराष्ट्रात दुकानाच्या पाट्या मराठीत असाव्यात असा कायदाच आहे, 'क्लोजिंग सेल' लिहिलंत तर दंड होईल.

इतवारीचा पोट्टा
कायदा नावाच्या पाटीले आहे जी, सेलच्या बॅनरले नाई. अन् 'समापन' वाचून लोकाईले वाटन, सप्ताह संपला, महाप्रसाद भेटन. आपल्या इकडे सरळ लिहा, 'घेऊन जा गे मारबत'! नागपुरात कोणालेच समजावून सांगा लागत नाई.

बर्डीची लेक
दादा, हसून पुरेवाट झाली. पण मारबतीबरोबर रोगराई आणि इडापिडा धाडतात. बाबांचे बूट त्या रांगेत नको.

ठोक-चिल्लर
माझं गांधीबागेत रेडिमेडचं दुकान होतं, ते मीच आवरलं. शब्द नंतर पाहू, आधी माल पाहा.
बुटांत घाई कशाची असते? नंबरची. पुरुषांचे सात, आठ, नऊ आधी उडतात, मागे सहा आणि अकरा उरतात. तारीख यायच्या आधीच बहुतेकांसाठी दुकान संपलेलं असतं. हीच खरी घाई, तीच लिहा. 'शेवटची संधी', 'मातीमोल भावात', 'लुटा' हे शब्द आपल्याच मालाची किंमत पाडतात. 'येईल त्या भावात' लिहिलंत तर गिऱ्हाईक वीस टक्क्यांवर थांबणार नाही, घासाघीस सुरू करेल.
दुसरं, '५० टक्क्यांपर्यंत' मधला 'पर्यंत' काढून टाका. एका कोपऱ्यातल्या दोन जोडांवर पन्नास, बाकीवर दहा, हे लोकांना पाठ झालंय. 'बूट छापील किमतीवर २० टक्के, सँडल ३०, टेबलावरचे अर्ध्या किमतीत' असं लिहा. खोके फाटलेले, उन्हानं रंग उडालेले जोड टेबलावर वेगळे मांडा. त्यातही मोजकेच अर्ध्या किमतीत ठेवून बाहेर मोठी जाहिरात करू नका. ग्राहक कायद्यात स्वस्त भावाची जाहिरात केली की त्या भावाचा माल पुरेसा असावा लागतो.
आणि कारण छापा. 'जागेचा करार संपतोय' एवढं वाचलं की माणूस तर्क करत बसत नाही.

बर्डीची लेक
मग 'तुमचा नंबर आहे तोवर या' कसं वाटतं?

जुनी पाटी
सुरेख. नंबर लागणं आणि पायाचा नंबर, दोन्ही आलं.

मायमराठी४४०
'नंबर' तरी मराठी आहे का? 'माप' म्हणा.

इतवारीचा पोट्टा
'तुमचं माप आहे तोवर या' म्हंजे शिंप्याच्या दुकानात आलो का बाप्पा?

त्रिमूर्तीनगर
मला वेगळंच विचारायचंय. बंद होणाऱ्या एका दुकानातून बूट घेतले होते. कोरे, खोक्यातले. तिसऱ्या-चौथ्या फिरण्यातच तळ भुसभुशीत होऊन गळून पडला. परत गेलो तर शटर खाली. अशा सेलमध्ये मुद्दाम खराब माल आणतात का?

ठोक-चिल्लर
मुद्दामच असेल असं नाही. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या हलक्या प्लास्टिकचा तळ न वापरता वर्षानुवर्षं खोक्यात राहिला की हवेतल्या दमटपणानं आतून सडतो. वरचं कातडं नवंकोरं दिसतं, तळ मात्र बिस्किटासारखा तुटतो. दुकान आवरताना माळ्यावरची जुनी खोकी खाली येतात, म्हणून हे सेलमध्येच जास्त दिसतं. घेताना तळ हातानं वाकवायचा, कडेला अंगठा दाबायचा. बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला चिकट लागलं तर ठेवून द्यायचा. रबराच्या तळाला हा त्रास नाही.
ताई, तुम्हीही माळ्यावरचा प्रत्येक जोड वाकवून बघा. सडलेला जोड अर्ध्या किमतीतही विकायचा नाही.

बर्डीची लेक
आज पाहिले. वरच्या फळीवरच्या स्पोर्ट्स शूजमधले बरेच गेलेत. बाबा गप्प बसले. बॅनरवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' लिहायचं होतं, ते लिहू का?

ठोक-चिल्लर
नंबर बसला नाही तर बदलून मिळणार नाही, एवढं लिहायला हरकत नाही. पण दोष असलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. बिलावर मुदत नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. दुकान मिटलं तरी बिलावर चालू असलेला फोन नंबर द्या. बॅनरवरही तो टाका, पळून चाललेला माणूस फोन नंबर लावत नाही.

धरमपेठची सून
नंबरची ओळ छान आहे, पण तारीख कुठे? तारखेशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. बाजारात 'दुकान बंद होणार' चे बॅनर ऊन खाऊन पांढरे पडलेत, दुकानं सुरूच आहेत.

ठोक-चिल्लर
तारीख लिहा, पण मग ती पाळा. फक्त एक लक्षात घ्या, तारीख वाचून लोक शेवटच्या आठवड्यात सूट वाढेल म्हणून थांबतात. मी 'सूट वाढणार नाही' असं लिहिलं होतं. शेवटी गठ्ठे उरले आणि वाढवावी लागली. आधी घेऊन गेलेली बाई येऊन बोलली, तेही बरोबरच होतं.

धरमपेठची सून
मग 'सूट वाढेल, पण नंबर उरणार नाहीत' असं सरळ सांगावं.

जुनी पाटी
हे खरं आहे, पण सगळेच थांबतील त्याचं काय?

बर्डीची लेक
बाबांना दोन्ही वाचून दाखवल्या. 'नंबर' आवडला. पण 'बंद' कुठेच नसेल तर बॅनर मोसमी सेलचा वाटतो, आणि 'बंद' लिहायला ते अजून तयार नाहीत. 'दुकान आवरत आहोत' म्हटलं तर?

इतवारीचा पोट्टा
'आवरत' चालते जी. आमची माय रोज म्हणते, "आवर लवकर."

धातुपाठ
'आवरणे' चा संबंध 'आवरण' शी आहे, म्हणजे झाकणे. तेव्हा अर्थ पुन्हा 'बंद' कडेच जातो. पण मूळ प्रश्न राहिला. 'वाढवणे' कापण्याच्या अर्थानं कुणाच्या बोलीत अजून ऐकू येतं का? झाडीपट्टीकडचं कुणी सांगेल?

साकोलीकर
आमच्याकडे पंगतीत वाढतात, बाकी ठाऊक नाही. ताई, रबरी तळाचे दहा नंबरचे सँडल आहेत का?