मदत हवी आहे: अभिनंदनाचे मेल पाठवतो, पण पुढे बोलणंच होत नाही

घाईतला
नमस्कार. कोणीतरी लवकर सांगा, उद्या सकाळी पुढचे मेल पाठवायचे आहेत. पुरस्कार मिळालेल्या किंवा मोठा टप्पा गाठलेल्या कंपन्या शोधून मी त्यांना अभिनंदनाचा मेल करतो. ओळख काढायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. दोन आठवड्यांत ४० मेल गेले. तिघांचं नुसतं 'धन्यवाद' आलं, बाकी कोणाचं काहीच नाही. सब्जेक्ट बदलू का?

साधना_क
तुम्ही विकता काय? लिहिता कोणाला? मेल जसाच्या तसा इथे टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

पानगळ
आमच्या साहेबांना मागे पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी सह्या करून कार्ड दिलं होतं. त्यांना फार आवडलं. मेलपेक्षा हाताने लिहिलेलं केव्हाही चांगलं.

साधना_क
पानगळ, ते ओळखीच्या माणसाबद्दल विचारत नाहीयेत. अनोळखी कंपनीला माल विकायचा आहे.

घाईतला
मेल हा: 'आपल्या कंपनीला मिळालेल्या यशाबद्दल हार्दिक अभिनंदन! आपली कामगिरी खरोखर प्रेरणादायी आहे. आम्ही आपल्यासारख्या अग्रगण्य कंपन्यांना सेवा देतो. या आठवड्यात १५ मिनिटं देऊ शकाल का?' एमडींच्या नावाने जातो. यात काय वाईट आहे?

धडाडी
मेल सोडा, लिंक्डइनवर या. पोस्ट आली की पहिल्या तासात कॉमेंट टाका, मग रिक्वेस्ट, मग मेसेज. मी असंच करतो आणि माझ्या रिक्वेस्ट स्वीकारल्या जातात.

जुनी_वही
धडाडी, रिक्वेस्ट स्वीकारली म्हणजे बोलणं सुरू झालं असं नाही. त्या पोस्टखाली त्याच शब्दांतल्या पन्नास कॉमेंट असतात. लवकर पोचण्याचा फायदा आहे, पण म्हणायला काही असेल तरच.

घाईतला, तुमच्या मेलमध्ये यश कोणतं तेच लिहिलेलं नाही. तो मेल दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवला तरी चालेल, आणि वाचणाऱ्याला हे पहिल्या ओळीतच कळतं. चौथ्या वाक्यात वेळ मागता, म्हणजे आधीची तीन वाक्यं कशासाठी होती तेही कळतं. आता एकच कंपनी घ्या आणि सांगा: काय विकता, आणि त्यांनी नेमकं काय मिळवलं?

घाईतला
लॉकआउट-टॅगआउटचं सामान. मशीन दुरुस्तीला उघडलं की वीज, हवा कोणी चुकून चालू करू नये म्हणून लावायची कुलपं आणि टॅग. कंपनीत ४०० कामगार आहेत. कोणाला जखमी होऊन कामावर गैरहजर राहावं लागेल असा एकही अपघात न होता १० लाख मनुष्य-तास पूर्ण, अशी त्यांच्या साइटवर बातमी आहे. बातमीत हेही आहे की वर्षभरात थोडक्यात टळलेल्या घटनांच्या नोंदी दुप्पट झाल्या, आणि मेंटेनन्सच्या लोकांनी सर्वांत जास्त नोंदी केल्या.

जुनी_वही
हे आधी सांगायला हवं होतं! मी अकरा वर्षं कारखान्यात सेफ्टी पाहिली आणि मग विक्रीत आलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी आकडा मोडून पाहा. ४०० माणसं रोज ८ तास म्हणजे दिवसाला ३,२०० तास. १० लाख व्हायला साधारण ३१२ कामाचे दिवस लागतात, म्हणजे वर्षाहून थोडं जास्त. कारखाना जुना असेल तर ही मोजणी एका वर्षापूर्वी शून्यापासून सुरू झाली असावी. ती शून्यावर येते कधी? कोणीतरी जखमी होऊन घरी बसलं की. सेफ्टी हेडला तो माणूस नावानिशी आठवत असतो. त्याला 'प्रेरणादायी कामगिरी' लिहून काय पोचणार?

दुसरं, १० लाखांचा आकडा त्याला स्वतःलाही पुरता खरा वाटत नसेल. लहानसहान दुखापती लपवल्या की असा आकडा फुगतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पण टळलेल्या घटनांच्या नोंदी दुप्पट होणं वेगळं. ओरडा बसणार नाही याची खात्री असल्याशिवाय मेंटेनन्सचा माणूस 'मी चुकीचा व्हॉल्व्ह उघडणार होतो' असं लिहून देत नाही. कौतुक करायचं तर त्याचं करा. आणि ते ज्याने घडवलं त्याला लिहा. एमडींना नाही.

मोजपट्टी
मोजणी अपघातानंतरच सुरू झाली असेल हे कशावरून? नवा कारखाना असू शकतो, किंवा वर्षाच्या सुरुवातीपासून मोजत असतील.

जुनी_वही
बरोबर. म्हणूनच जुन्या अपघाताचा उल्लेख मेलमध्ये अजिबात करायचा नाही. तो हिशेब फक्त आपला सूर सांभाळण्यासाठी आहे.

साधना_क
मग विकतो काय ते लिहायचं की लपवायचं? मी खरेदी विभागात आहे. नुसतं गोड अभिनंदन येतं आणि दहा दिवसांनी कोटेशन येतं, तेव्हा फसवल्यासारखं वाटतं.

धडाडी
पहिल्या मेलमध्ये विक्रीचं नावही नको. अभिनंदन निर्मळ पाहिजे.

जुनी_वही
मी साधनाताईंच्या बाजूने. सहीत कंपनीचं नाव असतंच, तो शोधणारच. एका ओळीत सांगून टाका, फक्त काही मागू नका. मी असं लिहीन:

'नमस्कार. मी लॉकआउटची कुलपं विकतो, त्यामुळे सेफ्टीच्या बातम्या वाचत असतो. १० लाख तासांबद्दल अभिनंदन. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की टळलेल्या घटनांच्या नोंदी दुप्पट झाल्या आणि त्यात मेंटेनन्स पुढे आहे. बऱ्याच ठिकाणी हाच विभाग सर्वांत कमी लिहितो. त्यांना लिहितं कसं केलंत? सवड असेल तर वाचायला आवडेल.'

भेटीची वेळ नाही, माहितीपत्रक नाही. आणि 'आमच्या कुलपांमुळे हा विक्रम टिकेल' हे तर मुळीच नको. त्याचा अर्थ 'तुमचा विक्रम मोडणार आहे' असा होतो. बातमी ताजी असतानाच पाठवा, दोन महिन्यांनी त्यात जीव राहत नाही.

घाईतला
एका मेलला एवढं वाचन? मला महिन्याला ८० चं टार्गेट आहे.

जुनी_वही
८० होणार नाहीत. आठवड्याला चार-पाच नीट होतात. बाकीच्यांना सरळ विक्रीचा मेल करा, तो जास्त प्रामाणिक. ज्या यशात तुम्हाला स्वतःला काही विचारावंसं वाटत नाही, तिथे अभिनंदन करूच नका.

मोजपट्टी
आणि पुरस्कार असेल तर तो कोण देतं तेही पाहा. काही ठिकाणी फी भरली की ट्रॉफी मिळते. तशा पुरस्काराचं भारावून कौतुक केलं की घेणारालाही संकोच होतो.

पानगळ
आमच्या साहेबांचा तसा नव्हता.

घाईतला
(सहा दिवसांनी) सेफ्टी हेडचं नाव त्याच बातमीत होतं. मेल थोडा माझ्या शब्दांत करून पाठवला. काल आठ ओळींचं उत्तर आलं! आधी नोंदवहीत नाव लिहावं लागायचं, ते त्यांनी काढलं. आणि प्रत्येक नोंदीवर काय केलं ते शिफ्ट सुरू होताना वाचून दाखवतात. कुलपांबद्दल एक शब्द नाही. आता भेट मागू?

धडाडी
आत्ताच मागा. लोखंड तापलंय.

साधना_क
मी त्यांच्या जागी असते तर आत्ता मागितलेली भेट मला खटकली असती.

जुनी_वही
आधी त्यांनी लिहिलंय त्याला उत्तर द्या. नाव काढल्यावर घटना नेमकी कुठे झाली हे शोधणं अवघड जात असेल, मला तरी जायचं. ते कसं करतात ते विचारा. मशीन बंद करण्याचा विषय त्यांच्याकडून निघाला तर तुमच्याकडे बोलण्यासारखं आहेच. नाही निघाला तर महिन्याभराने सरळ वेगळा मेल करून भेट मागा, अभिनंदनाचा धागा त्यात ओढू नका.

घाईतला
महिना फार होतो. पण आज उत्तर लिहितो, जागा कशी शोधतात ते मलाही खरंच कळलेलं नाही.