साहेब मीटिंगमध्ये दुसऱ्याशी तुलना करतात, खासगीत मेसेज करावा का?

वसुलीवाला: सांगलीतल्या एका पतसंस्थेत चार वर्षं वसुलीला आहे. गेले तीन सोमवार मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणतात, "मॅडमचं बघा, ९६ टक्के. तुमचं ७१ वरच अडकलंय." मॅडमकडं विश्रामबागचे नोकरदार आहेत, माझ्याकडं तासगाव बाजूचे द्राक्षबागायतदार. मॅडमशी माझं काही वाकडं नाही, पण हल्ली त्यांच्याशी बोलतानाही अवघडल्यासारखं होतं. साहेबांना व्हॉट्सॲपवर एकट्याला लिहावं का? लिहिलं तर काय?

जुना शाखाधिकारी: लिहा, पण सोमवारी मीटिंग संपल्या संपल्या नको. रागाचा वास शब्दाला लागतोच. बुधवारी, कॅश जुळल्यानंतर पाठवा.

माझी २२ वर्षं शाखेत गेली. असे मेसेज मलाही यायचे आणि बहुतेक एकाच ठिकाणी फसायचे: माणूस आकड्याचं भांडण काढायचा. मॅडमच्या खातेदारांचे हप्ते सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली पगारातून कापून येतात. तुमच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा माल गेल्यावर येतो, बेदाणा केला तर आणखी उशिरा. हे सोळा आणे खरं आहे. पण मेसेजमध्ये लिहिलंत की साहेबांना एवढंच दिसणार, "मॅडमचं काम सोपं आहे म्हणतोय." मग उत्तर त्याच्यावर येतं आणि विनंती बाजूला राहते.

मी असं लिहिलं असतं:

"साहेब, नमस्कार. एक गोष्ट फक्त तुमच्याशी बोलायची होती. गेल्या तीन सोमवारच्या मीटिंगमध्ये माझा आकडा मॅडमच्या आकड्याशेजारी ठेवून बोललात. माझी वसुली कमी असेल तिथं मला जरूर बोला. पण सगळ्यांसमोर तुलना झाली की मी खाली मान घालून बसतो आणि कोणत्या खात्यावर काय अडलंय ते सांगायचं राहून जातं. विनंती एवढीच, की माझा आकडा माझ्याच मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून बघावा. गुरुवारी चारनंतर दहा मिनिटं दिलीत तर खात्यांची यादी घेऊन येतो."

"नेहमी", "सारखं" हे शब्द टाळलेत. ते लिहिले की समोरचा न बोललेला एक सोमवार शोधून दाखवतो. बागेच्या पैशाचा हिशेब गुरुवारी समोर बसून, यादीवर बोट ठेवून सांगा.

मिरजकर: मला हे अजिबात पटत नाही. लेखी काही देऊ नका. आमच्या इथं एकानं असाच सभ्य मेसेज केला, त्याचा स्क्रीनशॉट संचालकांपर्यंत गेला आणि पोराची बदली झाली. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं गाठा आणि तोंडानं सांगा. बोललेलं फॉरवर्ड होत नाही.

शोरूम मॅनेजर: मी पलीकडच्या खुर्चीतला. मला वरून दर आठवड्याला विचारतात, "याला जमतं, त्याला का नाही?" तुलना केलीच नाही तर कोण हलत नाही, हा माझा अनुभव आहे. तुम्हाला लागलं, म्हणजे काम झालं.

जुना शाखाधिकारी: तक्त्यात तुलना करा की, ती लागतेच. कोणत्या भागाला जास्त माणूस द्यायचा ते त्यातूनच कळतं. पण नाव घेऊन चारचौघांत केली की माणूस आकडा सजवायला लागतो. अडलेलं खातं जुनं-नवं करून थकबाकी झाकलेली मी ऑडिटमध्ये उघडी पडताना बघितलीय.

सातारची सिस्टर: माझंही असंच झालं होतं. मेट्रन मॅडम सतत नव्या मुलीचं उदाहरण द्यायच्या. मी रात्री अकराला, नाइट ड्युटीवर असतानाच, दोन स्क्रीन भरून लिहिलं. उत्तर काय, तर नुसता अंगठा. तुलना थांबली हे खरं, पण त्या तीन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आज पुन्हा लिहायची वेळ आली तर लिहीन का, सांगता येत नाही. तुम्ही सरळ मॅडमशी बोलून भाग बदलून का घेत नाही?

वसुलीवाला: ताई, भाग नाही बदलायचा. त्या शेतकऱ्यांच्या घरचं मला ठाऊक आहे, कुणाला कधी फोन करायचा तेही. तो आकडा माझ्यासमोर एकट्यात काढावा, एवढंच हवंय. भीती मिरजकरांनी सांगितली तीच आहे. साहेबांनी मॅडमला दाखवला तर?

जुना शाखाधिकारी: त्यात मॅडमविरुद्ध एक शब्द आहे का बघा. मला तरी सापडत नाही. पण साहेब कसे आहेत ते तुम्हीच जाणता. मिरजकर म्हणतात तसा माणूस असेल तर "दहा मिनिटं भेटायचं होतं" एवढंच लिहा आणि बाकीचं केबिनमध्ये बोला.

वसुलीवाला: "खाली मान घालून बसतो" हे मला जड गेलं, तिथं "मी गप्प होतो" केलं. बाकी तसाच ठेवून आज साडेपाचला पाठवला. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. यादीची प्रिंट काढून ठेवलीय, उद्या चारला केबिनबाहेर थांबतो.